बेटीने वाकवलेली तार

अफझलगंजात उन्हाळा चढू लागला की उस्मानिया दवाखान्याच्या आसपासच्या झाडांवर कावळ्यांची घरटी दिसू लागतात. शहरातल्या कावळ्याचे घरटे आता नुसत्या काटक्यांचे राहिलेले नाही. बेगम बाजाराची घाऊक पेठ हाकेच्या अंतरावर असताना कावळ्याने काटक्यांवर का भागवावे? बांधकामाची बंधनतार, विजेच्या वायरीचे तुकडे, जे सापडेल ते चोचीत धरून तो वर नेतो, बेचक्यात अडकवतो आणि ओढून वाकवतो. इंग्रजी अमदानीतल्या पक्षिनिरीक्षकांनी तर चष्म्याच्या फ्रेमा पळवून त्यांचेच घरटे रचणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांची हकिकत लिहून ठेवली आहे.

तरीही प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक या कावळ्याला ‘साधन वापरणारा’ म्हणणार नाही. बेंजामिन बेक यांनी १९८० मध्ये मांडलेली आणि पुढे बरीच वर्षे प्रमाण मानली गेलेली व्याख्या अशी, की वस्तू शरीराबाहेरची आणि सुटी हवी, प्राण्याने ती स्वतः धरलेली किंवा पेललेली हवी, आणि तिच्या योगे दुसऱ्या कशावर तरी परिणाम घडवायला हवा. घरट्याची तार एकदा बसली की बसली, तिने पुढे काही उचकटायचे नसते. त्यामुळे घरटी या व्याख्येतून वगळली जातात. भारतीय कावळ्याने खरोखर साधन वापरल्याचे एक छोटे टिपण १९८९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले होते, पण एका टिपणावरून जातीचा स्वभाव ठरत नाही.

व्याख्येवर एवढा खल का झाला हे कळायला मागे जावे लागते. माणूस आणि पशू यांच्यामधली भिंत बराच काळ याच एका विटेवर उभी होती. हत्यार घडवतो तो माणूस, हे विधान इतके पक्के समजले जाई की केनेथ ओकली यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश म्युझियमसाठी लिहिलेल्या पुस्तिकेचे नावच ‘मॅन द टूलमेकर’ असे होते. उत्खननात हाडांशेजारी घडवलेला दगड सापडला की ती हाडे माणसाच्या कुळातली ठरवायला बळ मिळे. वीट ढळली असती तर नुसता अभिमान दुखावला नसता, मानववंशाची अख्खी मांडणी पुन्हा करावी लागली असती.

तिला पहिला धक्का मात्र ओकलींच्या आधीच बसलेला होता. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर १९१३ च्या अखेरीस कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथे प्रशियन अकादमीच्या वानरकेंद्रावर आले आणि पहिल्या महायुद्धामुळे तिथेच अडकून पडले. केंद्रातल्या चिंपांझींमध्ये सुल्तान नावाचा एक नर होता. कोहलरनी त्याच्या पिंजऱ्याबाहेर फळ ठेवले आणि आत दोन पोकळ वेत दिले. एकही वेत फळापर्यंत पोचत नव्हता. जाड वेताच्या भोकात बारीक वेत खुपसला तरच लांबी पुरणार होती. तासभर सुल्तानने सगळे उलटसुलट करून पाहिले. कोहलरनी त्याच्या डोळ्यांदेखत जाड वेताच्या भोकात बोट घालून सुचवूनही पाहिले, पण उपयोग झाला नाही, आणि ते निघून गेले. पुढचा प्रकार राखणदाराने पाहिला. सुल्तान फळाकडे पाठ करून खोक्यावर बसला होता आणि वेतांशी चाळा करत होता. चाळ्यात दोन वेत एका रेषेत आले, बारीक वेताचे टोक भोकात शिरले, आणि सुल्तान ताडकन उठून गजांकडे धावला. मग त्याने एकामागून एक फळे आत ओढली. खायलाही तो थांबला नाही.

कोहलरनी याला अंतर्दृष्टी म्हटले: डोक्यात उलगडा आधी, हातांची हालचाल नंतर. १९१७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि सुल्तान प्रसिद्ध झाला. यानंतर जे घडले ते पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. १९४५ मध्ये हर्बर्ट बर्च यांनी काठ्यांशी फारसा संबंध न आलेल्या सहा तरुण चिंपांझींना काठीने फळ ओढायचे सोपे काम दिले, तर बहुतेकांना ते जमले नाही. मग तीन दिवस त्यांना नुसत्या काठ्या खेळायला दिल्या. फळ नाही, शिकवणी नाही. पुन्हा तेच काम दिल्यावर सगळ्यांनी ते चुटकीसरशी केले. पुढे पॉल शिलर यांना असे आढळले की फळ समोर नसतानाही चिंपांझी काठीत काठी खुपसतात, केवळ खेळ म्हणून. म्हणजे सुल्तानच्या हातांना ती हालचाल आधीपासून येत होती. उलगडा झालाच असेल तर तो ती हालचाल फळाशी जोडण्याचा. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण सुमारे पासष्ट वर्षांनी एका कावळीच्या बाबतीत हेच कथानक जवळजवळ पात्रे बदलून पुन्हा घडले.

पिंजऱ्यातल्या प्राण्यावरून रानातल्या प्राण्याविषयी बोलता येत नाही, हा आक्षेप कोहलरच्या कामाला चिकटलेलाच राहिला. तो जेन गुडॉल यांनी दूर केला. जुलै १९६० मध्ये त्या टांगानिकातल्या गोंबे येथे पोचल्या तेव्हा त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती. लुई लीकी या मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांना पाठवले होते. पहिले काही महिने चिंपांझी त्यांना पाहताच पळत. पावसाळ्याच्या सुरुवातीला, नोव्हेंबरच्या आरंभी, त्यांना वाळवीच्या वारुळाशी बसलेला एक नर दिसला. हनुवटीवरच्या पांढुरक्या केसांवरून त्यांनी त्याला डेव्हिड ग्रेबिअर्ड हे नाव दिले. तो गवताची काडी वारुळात घालत होता, बाहेर काढत होता आणि ओठांवरून फिरवत होता.

काम दिसते तितके सोपे नाही. वाळवीला पंख फुटून ती उडायला निघते त्या दिवसांत वारुळाच्या वाटा पृष्ठभागापर्यंत आलेल्या असतात, पण तोंडे मातीच्या पातळ थराने लिंपलेली असतात. चिंपांझी तो थर बोटाने खरवडतो. काडी आतल्या वळणांतून जाईल इतकी लवचिक हवी, पण दुमडेल इतकी मऊ नको. आत गेल्यावर सैनिक वाळवी शत्रू समजून तिला जबड्यांनी पकडते. काडी झटक्याने ओढली तर वाळवी आतच गळून पडते, म्हणून ती सावकाश, किंचित हलवत काढायची. टोक झिजले की तोडून टाकायचे किंवा काडी उलटी धरायची. पुढे गुडॉल यांना चिंपांझी डहाळी मोडून तिची पाने ओरबाडून काढतानाही दिसले, आणि खरी खळबळ त्याने झाली. सापडलेली वस्तू वापरणे वेगळे. इथे ती कामाजोगी बनवली जात होती. पिल्ले आईशेजारी बसून हे पाहतात, काडी उचलून चुकीच्या जागी खुपसतात, फार आखूड तुकडा घेतात. हात बसायला काही वर्षे जातात.

गुडॉल यांची तार मिळाल्यावर लीकींनी कळवले की आता एक तर साधनाची व्याख्या बदला, किंवा माणसाची, नाही तर चिंपांझीला माणूस माना. हे वाक्य इतक्यांदा सांगितले गेले आहे की त्यातला विरोधाभास नजरेतून सुटतो. गुडॉल यांचा निबंध ‘नेचर’मध्ये १९६४ साली आला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात लीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या एका प्राचीन मानवजातीला ‘होमो हॅबिलिस’, म्हणजे कसबी माणूस, हे नाव दिले. हत्यारांची कसोटी एका हाताने मोडत असताना दुसऱ्या हाताने तीच वापरली जात होती. जुने मापदंड चुकीचे ठरले म्हणून लगेच वापरातून जात नाहीत.

तरी चिंपांझी निदान आपल्या कुळातला. मेंदू मोठा, हात आपल्यासारखे, त्यामुळे भिंत थोडी मागे सरकवून भागत होते. पक्ष्याने मात्र ती सोयही ठेवली नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला न्यू कॅलेडोनिया हे बेट आहे. तिथल्या रानात गॅव्हिन हंट हे न्यूझीलंडचे संशोधक कावळ्यांच्या मागावर होते, आणि १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी लिहिले की हे कावळे आकडे बनवतात. कावळा दुबेळकी डहाळी निवडतो, एक फाटा सांध्याच्या वर तोडतो, दुसरा सांध्याच्या खाली, म्हणजे टोकाला आपोआप खुंटी उरते. मग पाने काढून तो ती खुंटी चोचीने कोरत अणकुचीदार करतो. केवड्याच्या कुळातल्या झाडाची काटेरी कडेची पाने तो पायऱ्यापायऱ्यांनी कातरतो, ते याचे दुसरे हत्यार. सडक्या ओंडक्यात भुंग्यांच्या लठ्ठ अळ्या असतात. कावळा काडीने अळीला डिवचत राहतो, चिडून ती जबड्याने काडी पकडते आणि वर ओढली जाते. वाळवी आणि चिंपांझी यांच्यातलाच हा डाव आहे. या अळ्या इतक्या चरबीयुक्त असतात की अशा तीनेक अळ्यांनी कावळ्याची दिवसभराची ऊर्जेची गरज भागू शकते. हत्यार बनवण्याची खटपट परवडते ती यामुळे.

आता बेटी. ऑक्सफर्डमध्ये अॅलेक्स कासेलनिक यांच्या प्रयोगशाळेत न्यू कॅलेडोनियाचे दोन कावळे होते, बेटी ही मादी आणि एबल हा नर. अॅलेक्स वीअर आणि जॅकी चॅपेल यांनी एक उभी पारदर्शक नळी ठेवली, तिच्या तळाशी कडीची छोटी बादली आणि बादलीत मांसाचा तुकडा. शेजारी दोन तारा, एक सरळ आणि एक आकड्याची. कावळा योग्य तार निवडतो का, एवढेच पाहायचे होते. एका खेपेला एबल आकड्याची तार घेऊन उडून गेला. बेटीजवळ सरळ तार उरली. तिने ती नळीत घालून पाहिली, बादली उचलली जाईना. मग तारेचे एक टोक तिने चिकटपट्टीच्या सांदीत रोवले, दुसरे टोक चोचीत धरून ओढले, तारेला बाक आणला आणि त्या आकड्याने बादली वर काढली.

मराठीत अशा प्रसंगाला म्हण तयार आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संशोधकांपुढेही नेमकी हीच शंका होती, म्हणून पुढच्या खेपांना त्यांनी फक्त सरळ तार ठेवली. दहा यशस्वी खेपांपैकी नऊ वेळा बेटीने तार वाकवूनच बादली काढली, कधी टोक सांदीत रोवून, तर कधी पायाखाली दाबून. तिच्या रानात तार नसते, आणि तिला तार वाकवताना कोणी दाखवलेही नव्हते. ऑगस्ट २००२ मध्ये ‘सायन्स’ने हे छापले आणि ती चित्रफीत जगभर गेली. चिंपांझीलाही न जमलेली गोष्ट एका पक्ष्याने केली, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. मूळ निबंध सावध होता, मथळे नव्हते.

नंतरच्या काही वर्षांत या चित्राला दोन बाजूंनी तडे गेले. २००५ मध्ये त्याच ऑक्सफर्डच्या गटाने माणसांनी वाढवलेली चार पिल्ले तपासली. त्यांनी मोठ्या कावळ्याला साधन वापरताना कधी पाहिले नव्हते, तरी चौघेही काड्या खुपसून खाणे काढू लागले. हंट यांच्या कावळ्यांचे कसब निदान काही अंशी जन्मजात आहे, हे त्यातून दिसले. २००९ मध्ये उलट टोकाची बातमी केंब्रिजकडून आली. ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी रूक या कावळ्याच्या भाऊबंदांवर प्रयोग केले. रूक रानात साधन वापरत नाही, त्या बाबतीत तो आपल्या अफझलगंजच्या कावळ्याच्या पंक्तीतला. पण प्रयोगशाळेत चारही रूकांनी सरळ तार वाकवून बादली काढली. नळीतल्या पाण्यावर तरंगणारी अळी दिसल्यावर त्यांनी दगड टाकून पाणी वर आणले. शाळेतला तहानलेला कावळा खराच निघाला, फरक इतकाच की याला तहान नव्हती, भूक होती. रानात गरज नाही म्हणून जी गोष्ट रूक करत नाही, ती त्याला करता येतच नाही असे नव्हे. साधन वापरत नसलेल्या प्राण्याला मंद ठरवणारे सगळे तर्क इथे लंगडे पडतात.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ऑक्टोपसची नोंद झाली. ज्युलियन फिन, टॉम ट्रेगेन्झा आणि मार्क नॉर्मन यांनी इंडोनेशियात, उत्तर सुलावेसी आणि बालीच्या किनाऱ्यांजवळ, अनेक वर्षे पाण्याखाली पाचशेहून अधिक तास घालवले होते. तिथल्या गाळाच्या तळावर माणसांनी फेकलेल्या नारळाच्या करवंट्या पडलेल्या असतात. ऑक्टोपस गाळात रुतलेली करवंटी पाण्याचा फवारा मारून धुऊन काढी, दोन असल्या तर एकीत एक बसवी, वर अंग टाकून बाहू कडेवरून खाली सोडी आणि त्या ताठ बाहूंवर अडखळत चालू लागे, कधी वीस मीटरपर्यंत. धोका वाटला की दोन्ही अर्ध्या एकमेकींवर ओढून आत दडून बसायचे.

यात बुद्धी दिसते ती लपण्यात नव्हे. शंखातला खेकडाही लपतो. पण त्याला शंखाचा उपयोग प्रत्येक क्षणी होत असतो. ऑक्टोपस करवंटी नेत असताना ती त्याला काहीच संरक्षण देत नाही, उलट त्याची चाल मंद करते आणि त्याला उघडे पाडते. आत्ता तोटा सोसून तो पुढच्या फायद्याची वस्तू वाहतो. म्हणून संशोधकांनी याला साधनाचा वापर म्हटले. सगळ्यांना ते पटले नाही, कारण बेक यांच्या व्याख्येत निवारा नीट बसत नाही. मला हा वाद व्याख्येच्याच मर्यादा दाखवणारा वाटतो. ऑक्टोपसचे आयुष्य एक-दोन वर्षांचे, अंड्यातून बाहेर पडल्यापासून तो एकटा. त्याच्या सुमारे पन्नास कोटी चेतापेशींपैकी दोन तृतीयांश बाहूंमध्ये असतात. चिंपांझीच्या पिल्लाला आईशेजारी बसायला वर्षे मिळतात, याला कोणीच नसते. तरी दोघे वस्तू हाताळून आपले काम करतात. अशा दोन प्राण्यांना बुद्धीच्या एकाच शिडीवर वर-खाली बसवता येत नाही.

बेटीच्या तारेवरचा शेवटचा निर्णय २०१६ मध्ये लागला, तोही शांतपणे. सेंट अँड्र्यूजचे ख्रिश्चन रुट्झ आणि सहकाऱ्यांनी रानातून तात्पुरते पकडलेल्या अठरा न्यू कॅलेडोनियन कावळ्यांना स्थानिक झुडपाच्या लवचिक काड्या दिल्या आणि भोकांत खाणे ठेवले. अठरापैकी दहा कावळ्यांनी काडी वापरण्याआधी तिला बाक आणला. त्यातल्या काहींची पद्धत बेटीचीच होती: टोक रोवायचे किंवा पायाखाली धरायचे आणि दुसरे टोक ओढायचे. वाकवणे हा या जातीच्या हातखंड्याचाच भाग होता. बेटीने शून्यातून शोध लावला, असे आता म्हणता येत नाही. शिलरनी सुल्तानच्या वेतांचे जे केले तेच रुट्झनी बेटीच्या तारेचे केले. मात्र बेटी काहीच समजत नव्हती, असेही यातून सिद्ध होत नाही. वाकवणे अंगात असले तरी ते केव्हा आणि किती करायचे हे तिला ठरवावेच लागले. एवढेच, की वाकलेली तार पाहून डोक्यात काय चालले होते ते सांगता येत नाही.

म्हणून आता प्रयोगांची रचनाच बदलली आहे. प्राणी यशस्वी झाला का, यापेक्षा तो कुठे चुकतो याकडे अधिक पाहिले जाते. न्यू कॅलेडोनियाचे कावळे पाण्यात दगड टाकताना बुडणारी वस्तू निवडतात, तरंगणारी टाळतात; वाळूच्या नळीऐवजी पाण्याची नळी घेतात. पण दोन नळ्या खालून लपवून जोडल्या आणि दगड एकीत टाकल्यावर पाणी दुसरीत चढू लागले, की ते गोंधळतात. पाणी का चढते हे कळले असे म्हणण्यापेक्षा कुठे टाकल्यावर बक्षीस जवळ येते हे कळले, असे मानणे जास्त सुरक्षित.

चिंपांझींच्या बाबतीत प्रश्न दुसऱ्या दिशेला गेला. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातले चिंपांझी दगडाने कठीण कवचाची फळे फोडतात. ससांद्रा नदीच्या पश्चिमेला हे चालते. पूर्वेकडे तशीच झाडे आणि तसेच दगड असून तिथले चिंपांझी फोडत नाहीत. फरक झाडांचा नाही, शेजाऱ्यांकडून काय शिकायला मिळाले त्याचा. ताईत जमिनीखाली सापडलेले असे दगड ४,३०० वर्षांपूर्वीचे असल्याचे २००७ मध्ये छापून आले, म्हणजे एखाद्या चिंपांझीच्या हुशारीपेक्षा या परंपरेचे वय फार मोठे आहे.

आणि माणूस? बेटीच्या प्रयोगातल्या जॅकी चॅपेल यांनी २०११ मध्ये सहकाऱ्यांसह तीच नळी आणि तीच बादली लहान मुलांपुढे ठेवली. वाकवायला तारेऐवजी मऊ लोकरीची तार दिली आणि बादलीत बक्षीस म्हणून स्टिकर. तीन ते पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना आकडा सुचला नाही. आठव्या वर्षाच्या सुमारास बहुसंख्य मुलांना तो सुचू लागला. पण मोठ्याने एकदा आकडा करून दाखवला, की न सुचलेल्या मुलांपैकी जवळजवळ सगळ्यांनी तो लगेच वाकवला आणि स्टिकर काढून घेतला.